३७० किलोमीटर कुठून आले?

प्रश्न अगदी साधा दिसतो. १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर दोन गावांमधलं सरळ अंतर ७.४ सेमी भरतं, तर प्रत्यक्ष जमिनीवर ते किती किलोमीटर असेल? भूगोलाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत हा प्रश्न आकडे बदलून सतत येतो. बरोबर उत्तर ३.७ किमी आहे. चुकीची उत्तरं मात्र वाटेल ती येत नाहीत. ती बहुतेक वेळा ठरलेलीच असतात: ३७० किमी किंवा ३७ किमी. एखादी चूक वेगवेगळ्या मुलांकडून त्याच आकड्यात होत असेल, तर तिला निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येत नाही. ती एका ठरावीक जागी होते आणि ती जागा शोधता येते.

आधी १:५०,००० म्हणजे काय ते नीट पाहू. हे अंकप्रमाण आहे. नकाशावरचा एक भाग म्हणजे जमिनीवरचे पन्नास हजार भाग, एवढंच ते सांगतं. भाग कशाचा, हे ते सांगत नाही. नकाशावर एक सेंटिमीटर मोजलात तर जमिनीवर पन्नास हजार सेंटिमीटर, एक इंच मोजलात तर पन्नास हजार इंच, काडीपेटीतल्या काडीने मोजलंत तर तेवढ्याच लांबीच्या पन्नास हजार काड्या. अंकप्रमाणाला स्वतःचं एकक नसतं. ते तुमच्या हातातल्या पट्टीवरून येतं, आणि दोन्ही बाजूंना तेच एकक असावं लागतं. हेच या प्रमाणाचं बळ आहे. रशियन नकाशा असो की जपानी, भाषा न येताही तो याच रीतीने वाचता येतो. विद्यार्थी अडखळतो तोही इथेच, कारण एकक छापलेलं नसल्यामुळे ते आपण जवळ बाळगायचं असतं हे त्याच्या लक्षात राहत नाही.

आता आकडेमोड करू. ७.४ ला ५०,००० ने गुणलं की ३,७०,००० येतात. या गुणाकारात मुलं फारशी चुकत नाहीत. उत्तरपत्रिकेत इथपर्यंतची ओळ स्वच्छ असते. पण त्या ओळीत ३,७०,००० या आकड्यापुढे काय लिहिलेलं असतं, ते पाहावं. बहुतेक वेळा काहीच नसतं. पट्टी सेंटिमीटरची होती, म्हणून हे ३,७०,००० सेंटिमीटर आहेत. ते एकक लिहायचं राहिलं की आकडा निराधार होतो आणि पुढच्या ओळीत त्याला कुठलंही एकक चिकटू शकतं.

पुढची ओळ लिहिताना विद्यार्थ्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की असते: किलोमीटर म्हटलं की हजार. पाढ्यांइतकी मुरलेली ही माहिती आहे आणि ती खरीही आहे, पण अर्धी. हजार काय? हजार मीटर. आपल्यासमोर तर सेंटिमीटर आहेत. सेंटिमीटरवरून किलोमीटरवर जायला दोन पायऱ्या लागतात. आधी शंभराने भागून मीटर करायचे, मग हजाराने भागून किलोमीटर. ३,७०,००० सेमी म्हणजे ३,७०० मी, आणि ३,७०० मी म्हणजे ३.७ किमी. पहिली पायरी गाळून थेट हजाराने भागलं की ३७० उरतात, आणि त्यापुढे किमी लिहिलं जातं. उत्तर शंभर पटीने फुगतं. हे शंभर म्हणजे एका मीटरमधले शंभर सेंटिमीटर. गाळलेली पायरी अशी उत्तरातच आपली खूण ठेवून जाते.

३७ किमीची गोष्ट थोडी वेगळी आहे. या विद्यार्थ्याला दोन पायऱ्या आहेत हे ठाऊक असतं. पण तो त्या एका दमात उतरायला जातो. एका किलोमीटरमध्ये किती सेंटिमीटर, हे तो मनात ठरवतो आणि शंभर गुणिले हजार करताना एक शून्य निसटतं. एक लाखाऐवजी दहा हजार होतात. ३,७०,००० ला १०,००० ने भागलं की ३७. उत्तर दहा पटीने चुकतं. मोठ्या आकड्यांच्या लिखाणाचाही यात हात असतो. आपण लाखासाठी १,००,००० असा स्वल्पविराम देतो, कित्येक अ‍ॅटलासांत अडीच लाख हे २५०,००० असे छापलेले असतात, आणि कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर बहुधा स्वल्पविरामच नसतो. तिन्हींकडे बघत आकडा उतरवून घेताना एखादं शून्य कमी-जास्त होणं फार सोपं आहे. म्हणून मी मुलांना शून्यं मोजायला सांगत नाही. आकडा मोठ्याने वाचायला सांगतो: ‘तीन लाख सत्तर हजार सेंटिमीटर’. लाख सेंटिमीटरचा एक किलोमीटर हे एकदा कानाला बसलं की तीन लाख सत्तर हजारांचे पावणेचार किलोमीटरच्या आसपास होतात, हे ऐकताक्षणी कळतं.

पण समजा, उत्तर लिहून झालं आहे आणि शेजारी कोणी नाही. ते चुकलंय हे कसं ओळखायचं? यासाठी नकाशाचाच आधार घेता येतो, आणि माझ्या मते शाळेत सर्वांत कमी शिकवली जाणारी गोष्ट ही आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाचं ४७ एफ/१५ हे पत्रक घ्या. पुणे शहर ज्या ४७ एफ/१४ या पत्रकात येतं, त्याच्या लगेच खालचं. यात पश्चिमेच्या कडेला सिंहगड आहे आणि पूर्वेच्या कडेजवळ पुरंदर. १:५०,००० प्रमाणाचं असं प्रत्येक पत्रक १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढा तुकडा दाखवतं. हे पत्रक १८ अंश १५ मिनिटांपासून १८ अंश ३० मिनिटांपर्यंतचं आहे. आपल्या अक्षांशावर अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८४ किमी. त्यामुळे पंधरा मिनिटांचे साधारण २७.७ किमी होतात. कागदावर ही उंची ५५ सेमीच्या थोडी वर भरते. पूर्व-पश्चिम रुंदी त्याहून जराशी कमी, सुमारे २६.४ किमी, कारण रेखावृत्तं ध्रुवांकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात. पत्रकाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात रेघ ओढली तरी ती ३८ किमीच्या आसपासच होते.

आता ते ३७० किमी पाहा. या पत्रकावर एवढी लांब रेघ मावूच शकत नाही. ३७० किमी म्हणजे तीन अंशांहून जास्त अक्षांश, आणि इथे तर पाव अंश आहे. अशी तेरा-चौदा पत्रकं एकावर एक लावली तर कुठे ते अंतर पुरं होईल. ३७ किमीचं उत्तर जास्त फसवं आहे, कारण ते पत्रकावर मावतं. पण फक्त कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आपण मोजलेली रेघ तर ७.४ सेमीची आहे, कंपासपेटीतल्या पट्टीच्या निम्म्याइतकी. सिंहगड ते पुरंदर हे हवाई अंतर सुमारे २५ किमी आहे आणि ते पत्रकावर जवळजवळ अर्धा मीटर भरतं. अर्धा मीटर कागद म्हणजे २५ किमी, हे एक माप डोळ्यांत ठेवलं तर ७.४ सेमीला ३७ किमी देताना हात आपोआप थांबतो.

यावरून आकडेमोडीची रीतच बदलावी असं मला वाटतं. बहुतेक पुस्तकं आधी अंतर मोजायला सांगतात, मग गुणायला, आणि एकक शेवटी बदलायला. म्हणजे सर्वांत नाजूक काम सर्वांत मोठ्या आकड्यावर, तेही थकलेल्या क्षणी. त्यापेक्षा पट्टी नकाशावर टेकवण्याआधीच प्रमाणाचं रूपांतर करून टाकावं. १:५०,००० म्हणजे १ सेमीला ५०,००० सेमी. ५०,००० सेमी म्हणजे ५०० मी. ५०० मी म्हणजे अर्धा किलोमीटर. झालं शब्दप्रमाण: १ सेमीला अर्धा किमी. हे समासात लिहून ठेवायचं. मग ७.४ चं निम्मं ३.७. यात लाख नाहीत, शून्यं नाहीत, आणि पाच मोजमापं घ्यायची असतील तर रूपांतर पाचदा करावं लागत नाही. शिवाय रूपांतरात चूक झालीच तर ती लगेच उघडी पडते. १ सेमीला ५० किमी असं आलं, तर समोरच्या कागदावर बोटभर जागेत पुण्याहून साताऱ्यापुढे जावं लागेल, हे कुणालाही खटकतं. ३,७०,००० मध्ये खटकण्यासारखं काही दिसत नाही.

उलट्या दिशेच्या गणितातही हीच गफलत होते, पण ती वेगळ्या वेषात येते. जमिनीवरचं अंतर १२ किमी असेल, तर १:२,५०,००० च्या नकाशावर ते किती? विद्यार्थी १२ ला २,५०,००० ने भागतो आणि ०.००००४८ हा आकडा पाहून घाबरतो. काहीतरी चुकलं म्हणून खोडतो आणि गुणायला घेतो. खरं तर त्याचं काहीच चुकलेलं नव्हतं. १२ किलोमीटरना भागलं, म्हणून उत्तरही किलोमीटरमध्येच आलं: ०.००००४८ किमी. त्याला एक लाखाने गुणलं की ४.८ सेमी, आणि हेच बरोबर उत्तर. एकक लिहिलं असतं तर खोडण्याची वेळ आली नसती. इथेही आधी प्रमाण उलगडून घेतलं तर काम सोपं होतं. १ सेमीला अडीच किमी. बारामध्ये अडीच किती वेळा? ४.८.

यापेक्षा अवघड सापळा जुन्या पत्रकांत आहे. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला. त्याआधीची सर्वेक्षणाची पत्रकं एका मैलाला एक इंच या प्रमाणाची असत. त्यांचं अंकप्रमाण १:६३,३६० होतं. हा विचित्र दिसणारा आकडा कुठून आला? मैलात १,७६० यार्ड आणि यार्डात ३६ इंच, त्यांचा गुणाकार ६३,३६०. म्हणजे एका मैलात तेवढे इंच. महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत अशी पत्रकं कपाटात असतात आणि अभ्यासाला काढलीही जातात. आज विद्यार्थ्याच्या हातातली पट्टी सेंटिमीटरची असते. तो ८ मोजतो, नकाशाखाली ‘मैलाला एक इंच’ असं वाचतो आणि ८ मैल लिहून टाकतो. किलोमीटर विचारले असतील तर ८ ला १.६०९ ने गुणून १२.९ किमी.

पण त्याने ८ सेमी मोजले होते, ८ इंच नव्हे. इथलं शब्दप्रमाण इंचाशी बांधलेलं आहे. तिथे सेंटिमीटर आणायचे तर अंकप्रमाणाकडे वळावं लागतं. ८ गुणिले ६३,३६० म्हणजे ५,०६,८८० सेमी, म्हणजे ५.०७ किमी. चुकीच्या उत्तराला बरोबर उत्तराने भागून पाहा. २.५४ येतात, म्हणजे एका इंचातले सेंटिमीटर. शंभर पट चूक असेल तर मीटरची पायरी गाळलेली असते, दहा पट असेल तर शून्य सांडलेलं असतं, आणि अडीच पट असेल तर इंचाच्या जागी सेंटिमीटर शिरलेला असतो. तपासणाऱ्याने नुसता लाल काट मारण्याऐवजी हा भागाकार करून पाहिला, तर विद्यार्थ्याला नेमकं काय सांगायचं ते त्यातूनच कळतं. आणखी एक आकडा ओळखीचा करून ठेवावा: १.६. उत्तर एवढ्या पटीने कमी किंवा जास्त आलं असेल तर मैलाला किलोमीटर समजलं गेलं आहे, किंवा किलोमीटरला मैल.

आकडा बरोबर आणि एकक दुसऱ्याचं, या चुकीला मोठा इतिहास आहे. नवव्या शतकातल्या अल-फर्गानी या खगोलशास्त्रज्ञाच्या ग्रंथात पृथ्वीच्या परिघावरच्या एका अंशाची लांबी ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैल दिली होती. ते अरबी मैल होते, जवळजवळ दोन किलोमीटरचे. कोलंबसाने तो आकडा जसाच्या तसा उचलला आणि मैल मात्र आपल्याकडचा, सुमारे दीड किलोमीटरचा धरला. त्यामुळे १११ किमीचा अंश त्याच्या हिशेबात ८४ किमीच्या आसपास आला आणि सारी पृथ्वी पावपटीने आकसली. आशिया पूर्वेकडे फार लांब पसरलेला आहे हाही त्याचा समज होता. दोन्ही मिळून पश्चिमेकडून आशिया त्याला फारच जवळ वाटू लागला. १४९२ मध्ये तो निघाला तो हा हिशेब घेऊन, आणि मध्ये अमेरिका नसती तर त्याच्या गलबतांवरचं अन्नपाणी आशिया गाठेपर्यंत पुरलं नसतं.

आता रूपांतरातली सर्वांत खोल चूक. ती क्षेत्रफळात होते आणि चांगल्या विद्यार्थ्यांकडूनही होते. १:५०,००० च्या नकाशावर एका तलावाने ६ चौरस सेमी जागा व्यापली आहे, तर प्रत्यक्ष क्षेत्र किती? अंतराची सवय झालेला विद्यार्थी ६ ला ५०,००० ने गुणतो, ३,००,००० येतात, त्यांना एक लाखाने भागतो आणि ३ चौरस किमी लिहितो. प्रत्येक पायरी त्याला शिकवल्यासारखी वाटते. पण प्रमाण लांबीचं आहे. क्षेत्राला लांबी आणि रुंदी अशा दोन बाजू असतात आणि दोन्हींना ते लागू करावं लागतं. १ सेमीला अर्धा किमी, म्हणून १ चौरस सेमीला अर्ध्याचा अर्धा, म्हणजे पाव चौरस किमी. ६ चौरस सेमीचे दीड चौरस किमी होतात. सेंटिमीटरवरूनच जायचं असेल, तर ५०,००० चा वर्ग करावा लागेल आणि भागायलाही एक लाख नव्हे, एक लाखाचा वर्ग घ्यावा लागेल. एका चौरस किलोमीटरमध्ये एक हजार कोटी चौरस सेंटिमीटर असतात. असल्या आकड्यांशी झटण्यात काही अर्थ नाही. म्हणून क्षेत्रफळात तर आधी शब्दप्रमाण करून घेण्याला पर्यायच नाही.

ही चूक लपून कशी राहते तेही पाहण्यासारखं आहे. वरच्या उदाहरणात उत्तर दुप्पट आलं. १:२५,००० च्या नकाशावर तीच चुकीची रीत चौपट उत्तर देते: ६ चौरस सेमीचे खरे ०.३७५ चौरस किमी, आणि चुकीच्या रीतीने १.५. पण १:१,००,००० च्या नकाशावर चूक अजिबात दिसत नाही. तिथे १ सेमीला बरोबर १ किमी, म्हणून १ चौरस सेमीला १ चौरस किमी. एकाचा वर्ग एकच, त्यामुळे चुकीच्या रीतीनेही बरोबर उत्तर येतं. शिक्षक पहिलं उदाहरण सोपं असावं म्हणून नेमका हाच नकाशा घेतात. विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतात आणि चुकीची रीत पक्की होते. पुढे १:५०,००० वर ती उघडी पडते तेव्हा आपलं काय बिघडलं हे त्याला कळत नाही, कारण मागच्या वेळी हेच बरोबर ठरलं होतं. क्षेत्रफळाची सुरुवात १:१,००,००० ने कधीच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. पट्टीने अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक मोजता येत नाही. १:५०,००० वर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मी. तेव्हा ३.७ किमी लिहिणं ठीक आहे, पण जुन्या पत्रकाच्या हिशेबात कॅल्क्युलेटरने दाखवलेले सगळे दशांश, म्हणजे ५.०६८८ सारखं उत्तर, नकाशाने दिलेलंच नसतं. शिवाय हे सपाट अंतर आहे. सिंहगडावरून पुरंदरला चालत निघालेल्या माणसाला चढ, उतार आणि वळणं धरून बरंच जास्त चालावं लागेल. त्याचं गणित वेगळं आहे, आणि त्याची चूक एकक बदलल्याने सुधारत नाही.

क्षेत्रफळाचं उत्तर तपासायला मी एक पारदर्शक कागद वापरतो. ट्रेसिंग पेपरवर २ सेमी बाजूचे चौकोन आखायचे. १:५०,००० वर अशा चौकोनाची बाजू १ किमी होते, म्हणून एक पूर्ण चौकोन म्हणजे १ चौरस किमी, म्हणजेच १०० हेक्टर. तो कागद तलावावर ठेवायचा आणि पाणी किती चौकोनांत पसरलंय ते नुसत्या नजरेने मोजायचं. कडेचे अर्धेमुर्धे तुकडे एकमेकांत जुळवून घ्यायचे. प्रत्येक चौकोन ४ चौरस सेमीचा, त्यामुळे ६ चौरस सेमीचा तलाव दीड चौकोन व्यापतो: दीड चौरस किमी, १५० हेक्टर. वहीत ३ चौरस किमी लिहिलं असेल तर तलावाने तीन पूर्ण चौकोन भरायला हवेत, आणि ते भरलेले नाहीत हे कागद ठेवल्याबरोबर दिसतं.